नळाला हात लावला की मुंग्या येतात? या चुका टाळा

कोपरखैरणेला मावशीकडे गेलो होतो. बाथरूमचा नळ उघडताना बोटांना झिणझिणलं. मावशी म्हणाली, "अरे, चपला घालून जा, मग काही होत नाही."

पहिली चूक हीच. चपलेने शॉक फार तर जाणवत नाही, पण नळात उतरलेला करंट तिथेच राहतो. मुंग्या साधारण 1 मिलिअँपिअरला जाणवतात. अंग साबणाने ओलं, पाय ओल्या फरशीवर असले की त्याच नळातून कितीतरी जास्त करंट शरीरात जातो. 10 मिलिअँपिअरच्या आसपास मूठ आवळली जाते, नळ सोडता येत नाही.

काका म्हणाले, "एमसीबी कुठे पडलाय?" तो पडणार नाही. नळाला गरम पाणी देणारा 2000 वॅटचा गिझर सुमारे 9 अँपिअर घेतो आणि एमसीबी 16 अँपिअरच्या वर करंट गेला तरच पडतो. जीव जायला 30 मिलिअँपिअर पुरतात. एवढ्याशा गळतीची एमसीबीला दखलच नसते.

मग मी गिझरचं बटण बंद केलं, तरी नळ झिणझिणत होताच. प्लग उपसला आणि थांबला. म्हणजे गळती गिझरचीच, शिवाय सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे. बटण न्यूट्रल तोडत होतं, कॉइलला फेज तसाच पोचत होता. म्हणून बटण बंद केलं की झालं, असं मानू नका, प्लगच काढा. प्लग काढूनही मुंग्या येत असतील तर दुसरं एखादं यंत्र किंवा शेजारचं घर तपासावं लागतं. तोवर नळ वापरू नका.

वायरमनने मीटर लावला. फेज-न्यूट्रल 231 व्होल्ट, फेज-अर्थ जेमतेम 84, तेही हलत होतं. हे दोन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. सॉकेट उघडला तर दमट हवेने हिरव्या, म्हणजे अर्थच्या वायरचं टोक गंजून तुटलेलं. गळणाऱ्या करंटला जमिनीत जायला वाटच नव्हती, म्हणून टाकी, पाणी आणि नळ यांच्यावर व्होल्टेज आलं होतं.

मावशीने आधी बोलावलेला एक जण सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून देतो म्हणाला होता. बरं झालं, तिने नाही म्हटलं. तसं केल्यावर मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर कॉइलमधून फेज थेट गिझरच्या अंगावर येतो.

अर्थ जोडला, फेज-न्यूट्रल सरळ केले, गिझर लावला आणि गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी खटकन पडला. काका भडकले, "आत्तापर्यंत चालत होता, तुम्हीच बिघडवलात!" खरं तर गळतीला वाट मिळाली, म्हणून 30 मिलिअँपिअरचा तो आरसीसीबी पहिल्यांदाच कामाला आला. अशा वेळी कंटाळून त्याला बायपास करणारे वायरमन मी पाहिलेत. आमच्या वायरमनने कॉइल बाहेर काढली. वर बोटभर क्षार, आणि खाली नळीला चीर.

नवी कॉइल बसली, नळ शांत झाला. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण आता दर महिन्याच्या एक तारखेला काका स्वतः दाबतात.