विचारणा आणि नकार एकाच तासात: मेल क्रॉस झाले तर या चुका टाळा

मुलाखत होऊन दहा दिवस झाले, कंपनीकडून काहीच कळलं नाही, म्हणून उमेदवार धीर करून मेल टाकतो: "सर, माझ्या अर्जाचं काय झालं?" आणि अर्ध्या तासाच्या आत फोनवर नकाराचा मेल येऊन पडतो. मनात पहिला विचार येतो तो एकच: विचारायलाच नको होतं, मीच घाई करून घालवलं. बहुतेक वेळा हा विचार चुकीचा असतो. पण त्या भरात पुढच्या तासाभरात जे मेल, फोन आणि मेसेज जातात, त्यांनी खरं नुकसान होतं.

मराठवाड्यात नेहमी दिसतं तसं एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. लातूरचा डिप्लोमा मेकॅनिकल झालेला मुलगा, तिथल्याच एमआयडीसीत तीन वर्षांचा अनुभव. वाळूजच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर पदासाठी त्याची मुलाखत शुक्रवारी, 26 डिसेंबर 2025 ला झाली. व्हर्नियर आणि मायक्रोमीटरची रीडिंग घ्यायला लावली, मग एचआरशी पंधरा मिनिटं बोलणं झालं. निघताना सांगितलं गेलं, "आठ-दहा दिवसांत कळवतो." सोमवारी, 5 जानेवारी 2026 ला सकाळी 10 वाजून 47 मिनिटांनी त्याने एचआरला मेल टाकला. 11 वाजून 5 मिनिटांनी फोन वाजला आणि नकार दिसला. त्याने हिशोब केला: अठरा मिनिटांत नकार!

हिशोब चुकला कारण त्याने फोन वाजल्याची वेळ धरली, मेल आल्याची नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल किंवा रेंज कमी असेल, तर मेल आधी येऊन पडलेला असतो आणि सूचना मागाहून वाजते. मेल उघडून वर लिहिलेली वेळ पाहिली असती, तर तिथे 10:41 दिसलं असतं. म्हणजे नकार त्याच्या विचारणेच्या सहा मिनिटं आधीच निघालेला होता.

खात्री हवी असेल तर कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, त्या मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा आणि `Show original` निवडा. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये हा पर्याय शोधत बसू नका. उघडलेल्या पानावर `Created at` समोर मेल कधी तयार झाला आणि किती सेकंदांनी पोचला ते दिसतं. खालच्या मजकुरात अशी ओळ सापडेल:

```
Date: Mon, 05 Jan 2026 05:11:08 +0000
```

ही ओळ वाचताना बरेच जण फसतात. "पहाटे पाच वाजता कोणी नकार पाठवला?" असं वाटतं. शेवटचं `+0000` सांगतं की ही वेळ भारताची नाही. भारताची वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणून 5:11 मध्ये 5:30 मिळवले की 10:41 होतात. शेवटी `+0530` असेल तर काही मिळवायचं नाही, ती आपलीच वेळ.

आता दुसरा प्रश्न. दोन मेल नेमके त्याच तासात कसे आले? हा पूर्ण योगायोग नसतो. "आठ-दहा दिवसांत कळवतो" हा शब्द दोघांनी लक्षात ठेवलेला असतो. उमेदवार दहावा दिवस मोजून विचारतो आणि एचआरही त्याच मुदतीला यादी मोकळी करतो. त्यात सोमवारची सकाळ ही दोघांचीही कामाला बसण्याची वेळ. शिवाय भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाराचा मेल एचआर स्वतः टाईप करत नाही. उमेदवाराच्या नावासमोरचा शेरा बदलला की ठरलेला मजकूर आपोआप जातो, आणि तो लगेच न जाता काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी जावा अशी सोयही अनेक ठिकाणी लावलेली असते. म्हणजे निर्णय शनिवारी झालेला असू शकतो, मेल सोमवारी सुटतो. तुमची विचारणा एचआरच्या इनबॉक्समध्ये न उघडलेली पडून असते.

अपवाद ओळखायला सोपा आहे. नकार जर तुमच्याच मेलला उत्तर म्हणून आला असेल, विषयात `Re:` असेल, खाली तुमचा मजकूर दिसत असेल आणि पाठवणारा माणूस असेल, तर ते खरंच तुमच्या विचारणेला दिलेलं उत्तर आहे. तेव्हाही विचारल्यामुळे नकार आला असं नाही. यादी उघडून पाहिली आणि जे ठरलं होतं ते कळवलं, इतकंच.

नकार वाचताना आणखी एक गोष्ट तपासा, आणि ही घाईत सर्रास सुटते: पदाचं नाव आणि जॉब कोड. एकाच कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आणि प्रॉडक्शन ट्रेनी अशा दोन जागांना अर्ज केला असेल, तर आलेला नकार दुसऱ्याच जागेचा असू शकतो. सगळं संपलं असं समजून घरी सांगण्याआधी ती एक ओळ वाचा. कोड दिलाच नसेल तर कंपनीच्या पोर्टलवर लॉगिन करून दोन्ही अर्जांची स्थिती वेगवेगळी बघा.

पहिल्या तासातल्या चुका

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाठवलेला मेल पुसायची धडपड. जीमेलमध्ये मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, तेही सेटिंगमध्ये तेवढे ठेवले असतील तर. आउटलुकची मेल परत बोलावायची सोय एकाच संस्थेच्या आतल्या मेलपुरती चालते, बाहेरच्या कंपनीकडे गेलेला मेल तिने परत येत नाही. म्हणून मुलं दुसरा मेल टाकतात, "माझा आधीचा मेल दुर्लक्षित करा." मग तिसरा, "सर, एक संधी द्या, घरची परिस्थिती बिकट आहे." एचआर जेवणानंतर बसतो तेव्हा एकाच नावाचे तीन मेल दिसतात, आणि साधी विचारणा होती ती आता कटकट वाटू लागते.

दुसरी चूक, नकाराच्या मेललाच उत्तर देणं. तो बहुधा `noreply` असं लिहिलेल्या पत्त्यावरून आलेला असतो. तिथे पाठवलेलं उत्तर एकतर परत येतं किंवा कोणी न वाचता पडून राहतं. तुमचं म्हणणं पोचलं असं तुम्ही समजता आणि एचआरसमोर मात्र सकाळची उत्सुक विचारणा तशीच उघडी राहते.

तिसरी चूक आपल्याकडची खास. त्याच कंपनीत लाईनवर असलेल्या गाववाल्याला किंवा मामेभावाला फोन लावून "जरा साहेबांशी बोल ना" म्हणणं. त्याला तिथे रोज काम करायचं आहे, आणि कायम झालेला नसेल तर बिचाऱ्याची अडचणच होते. फोन आधीच लावून झाला असेल तर लगेच पुन्हा लावा आणि थांबवा. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर मात्र त्यांना नकार नक्की कळवा, नाहीतर तेही तुमच्या नावाने वेगळी विचारणा करतात. आणि "नकार फिरवून देतो, थोडा खर्च येईल" असं कोणी म्हणालं तर एक रुपया देऊ नका.

क्रॉस झालेला मेल कसा मिटवायचा

एकच मेल, तोही सकाळच्या तुमच्याच विचारणेच्या धाग्यात. जीमेलमध्ये पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन ती विचारणा उघडा, रिप्लाय दाबा, वर पत्ता एचआरचाच आहे ना ते पाहा आणि विषय बदलू नका. विषय बदलला की नवा धागा सुरू होतो आणि जुना प्रश्न उघडाच राहतो. लगेच पाठवू नका, कारण त्याच वेळी एचआर तुम्हाला उत्तर लिहीत असेल तर पुन्हा क्रॉस व्हायचं. शेड्यूल सेंड लावून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊची वेळ द्या. मधल्या वेळात उत्तर आलंच तर शेड्यूल रद्द करून त्या उत्तराप्रमाणे लिहा.

मजकूर इतकाच पुरतो:

"नमस्कार मॅडम. काल सकाळी मी विचारणा केली त्याच सुमारास क्वालिटी इंजिनिअर पदाबाबतचा आपला मेल मला मिळाला, त्यामुळे माझ्या विचारणेला वेगळं उत्तर देण्याची गरज नाही. मुलाखतीसाठी वेळ दिल्याबद्दल आभार. शक्य असल्यास एवढंच सांगावं: मी मोजमापाच्या चाचणीत कमी पडलो, की पदाला लागणारा अनुभव कमी होता?"

कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत असेल तर हेच इंग्रजीत लिहा. यात "गरज नाही" हे वाक्य फार कामाचं आहे, कारण एचआरच्या डोक्यावरचं एक काम कमी होतं. प्रश्न दोनांपैकी एक निवडायचा ठेवला आहे, तोही मुद्दाम. "माझ्यात काय कमी होतं?" याला उत्तर द्यायला एचआर कचरतो, "चाचणी की अनुभव?" याला एका शब्दात उत्तर देता येतं. तरीही उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारायचं नाही.

कधी उलटंही होतं: नकार आलेला आहे आणि दुपारी एचआर स्वतः लिहितो, "प्रक्रिया चालू आहे, कळवू." त्याने सॉफ्टवेअरमधून गेलेला मेल पाहिलेला नसतो, किंवा नकार दुसऱ्या जागेचा असतो. इथे आनंदून काही गृहीत धरू नका. त्याच धाग्यात नकाराची तारीख, वेळ आणि जॉब कोड लिहा आणि कोणता निरोप धरायचा ते विचारा.

विचारणा करण्याआधीची दोन मिनिटं

मेल पाठवण्याच्या अगदी आधी शोध घ्या. प्रमोशन टॅब किंवा स्पॅममध्ये नकार दोन दिवस पडलेला असणं नवीन नाही. जीमेलच्या शोधात कंपनीच्या पत्त्याचा `@` नंतरचा भाग घालून असं टाका:

```
in:anywhere from:example.com newer_than:14d
```

`in:anywhere` मुळे स्पॅम आणि कचऱ्याचा डबाही तपासला जातो. सॉफ्टवेअरचा मेल वेगळ्याच पत्त्यावरून येत असेल तर `from:` चा भाग काढून कंपनीचं नुसतं नाव टाकून पुन्हा शोधा.

आणि विचारणेत काय नसावं? लातूरच्या त्या मुलाने लिहिलं होतं, "बजाजनगरला रूम बघून ठेवली आहे, इथल्या कंपनीत नोटीस देऊ का?" नकार आल्यावर त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच वाक्य. ऑफर लेटर हातात येईपर्यंत रूमचं डिपॉझिट द्यायचं नाही, नोटीस द्यायची नाही आणि यातलं काही मेलमध्येही लिहायचं नाही. पदाचं नाव, मुलाखतीची तारीख आणि "निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे?" एवढी विचारणा असेल, तर ती नकाराला कितीही क्रॉस झाली तरी वाचताना अवघड वाटत नाही.

अशा मेलला उत्तर आलंच तर ते दोन ओळींचं असतं, समजा: "चाचणी ठीक होती. सीएमएम या मोजमापाच्या मशीनवर काम केलेला माणूस हवा होता." हा मेल तारांकित करून ठेवा आणि जॉब कोड वहीत लिहून ठेवा. त्याच कंपनीत पुन्हा जागा निघाली की आधी जाहिरातीत सीएमएमची अट आहे का ते बघायचं. नसेल तर अर्ज करायचा आणि कळवायचं ह्याच धाग्यात, म्हणजे एचआरला तुमची आधीची मुलाखत शोधत बसावं लागत नाही.