मॅनेजर गेले, तरी ऑर्डर राहिली

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंग कारखान्यास कापसाला आर्द्रता देणारी यंत्रणा विकण्याचा व्यवहार माझ्या हातून निसटत होता, कारण माझे सारे बोलणे एकट्या मॅनेजरांशीच झाले होते आणि त्यांनी अचानक राजीनामा दिला. मालकांना माझे नावसुद्धा ठाऊक नव्हते. फोनमधील दोन महिन्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा त्या कारखान्याचा एकच क्रमांक दिसला. धोका तेथेच दिसायला हवा होता.

मॅनेजर अजून आठवडाभर कामावर होते. त्यांना डावलून वर जाणे अपमानास्पद ठरले असते, म्हणून, "साहेब, जागेचे माप फिटरकडून आणि हप्त्यांचे लेखापालांकडून समजून घेऊ का?" असे मी त्यांनाच विचारले. त्यांनी स्वतः ओळख करून दिली.

फिटरला पाण्याच्या क्षारांनी नोझल तुंबण्याची भीती होती. त्याच्यासमोर एक नोझल उघडून साफ करून दाखविले. लेखापालांना हंगाम सुरू झाल्यावरचे हप्ते हवे होते. या दोघांच्या अटी लिहिलेला एक पानी कागद घेऊन मी मालकांना भेटलो, तेव्हा त्यांनी फिटरलाच बोलावून विचारले. नवे मॅनेजर आले, ते स्वतःच्या ओळखीचा पुरवठादार घेऊन. पण फिटर आमच्या बाजूने बोलला. दर मात्र थोडा उतरवावा लागला.