यील्ड कर्व्हवर पीसीए चालवताय? लेव्हल, स्लोप, कर्व्हेचर ही नावं द्यायच्या आधी या चुका टाळा

१३ मार्च २०२३चा सोमवार घ्या. आदल्या शुक्रवारी सिलिकॉन व्हॅली बँक बंद पडली होती आणि सोमवारी अमेरिकन ट्रेझरीत जे काय झालं ते बाँडवाल्यांच्या अजून लक्षात आहे. २ वर्षांचं यील्ड ४.६० वरून ४.०३ वर, ५ वर्षांचं ३.९६ वरून ३.६८ वर, १० वर्षांचं ३.७० वरून ३.५५ वर. म्हणजे एका दिवसात उणे ५७, उणे २८ आणि उणे १५ बेसिस पॉइंट.

आता ही हालचाल तीन तुकड्यांत फोडू. पहिला तुकडा तिन्हींना सारखाच हलवणारा, तो निघतो सरासरीवरून, उणे ३३.३. दुसरा तुकडा एक टोक खाली आणि दुसरं वर नेणारा, २ वर्षांना उणे २१, ५ ला शून्य, १० ला अधिक २१. तिसऱ्यात मधला एकीकडे आणि दोन्ही टोकं दुसरीकडे, म्हणजे उणे २.७, अधिक ५.३, उणे २.७. बेरीज करून बघा, बरोबर ५७, २८, १५ परत मिळतात. वर्गांच्या हिशेबाने त्या दिवसाचा साधारण ७८ टक्के भाग लेव्हल, २१ टक्के स्लोप आणि १ टक्का कर्व्हेचर.

पण इथे ते तीन आकार मी हाताने ठरवले होते. पीसीए काय करतो तर कोव्हेरियन्स मॅट्रिक्सचे आयगेनव्हेक्टर काढतो, आणि त्याला लेव्हल म्हणजे काय हे अजिबात माहीत नसतं, नाव आपण देतो. लिटरमन आणि शाइन्कमन यांनी १९९१ मध्ये बाँडच्या रिटर्नवर हे तीन घटक दाखवले तेव्हापासून सगळे पहिल्याला लेव्हल, दुसऱ्याला स्लोप, तिसऱ्याला कर्व्हेचर म्हणून मोकळे होतात, लोडिंगचा प्लॉट न बघताच. बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

चूक पहिली: यील्डवरच पीसीए, बदलांवर नाही

ही सगळ्यात जास्त दिसते. फ्रेडवरून DGS2 ते DGS30 डाउनलोड केलं, तसंच पीसीएला दिलं, पहिला पीसी ९५ टक्क्यांच्या पुढे आला आणि माणूस खूश. अहो पण १० वर्षांचं यील्ड १९८१ मध्ये १५ टक्क्यांच्या वर होतं आणि ऑगस्ट २०२० मध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास. चाळीस वर्षं एकाच दिशेने सरकलेली सीरिज दिली तर पहिला पीसी तो उतारच पकडणार, आणि तो एवढा मोठा असतो की रोजच्या हालचालींना जागाच उरत नाही. ओळखायचं कसं? पहिल्या पीसीचा स्कोअर आणि १० वर्षांचं यील्ड एकाच चार्टवर टाका, दोन्ही रेषा जवळपास एकमेकींवर बसल्या तर तुम्हाला ट्रेंड मिळालाय. कर्व्ह दीर्घकाळात कुठे होता हेच बघायचं असेल तर यील्डवरचा पीसीए चालेल, पण हेज किंवा रिस्क काढायची असेल तर रोजचे (किंवा आठवड्याचे) बदल घ्या, बेसिस पॉइंटमध्ये. बदलांवर पहिल्या पीसीचा टक्का कमी दिसतो, ते बिघडल्याचं लक्षण नाही, उलट तोच आकडा कामाचा.

चूक दुसरी: डेटातली भोकं आणि कोडमधला क्रम

DGS30 मध्ये फेब्रुवारी २००२ ते फेब्रुवारी २००६ आकडेच नाहीत, कारण ३० वर्षांच्या बाँडचे लिलाव तेव्हा थांबवले होते. आता तुम्ही आधी dropna आणि मग diff केलंत की चार वर्षांचा सगळा बदल एका "दिवसात" येऊन बसतो. असा एकच दिवस कोव्हेरियन्समध्ये केवढा भाव खातो, कारण तिथे सगळं वर्गात मोजलं जातं! ffill केलं तर वेगळीच पंचाईत, ३० वर्षांचा बदल चार वर्षं शून्य आणि त्याचं लोडिंग उगाच दबलेलं. मी असं करतो:

```python
cols = ["DGS2", "DGS3", "DGS5", "DGS7", "DGS10", "DGS20", "DGS30"]
y = df[cols].dropna()
gap = y.index.to_series().diff().dt.days
dy = (y.diff() * 100)[gap <= 5].dropna()

w, V = np.linalg.eigh(dy.cov().to_numpy())
w, V = w[::-1], V[:, ::-1]
if V[:, 0].sum() < 0:
    V[:, 0] *= -1
if V[-1, 1] < V[0, 1]:
    V[:, 1] *= -1
```

मधली ती उलटवायची ओळ विसरू नका. eigh आयगेनव्हॅल्यू लहानापासून मोठ्याकडे देतो, त्यामुळे न उलटवता पहिला कॉलम घेतलात तर हातात सगळ्यात फालतू पीसी येतो, निव्वळ नॉइज, आणि त्याचं लोडिंग वर-खाली-वर असं करवतीसारखं दिसतं. असा प्लॉट दिसला की आधी क्रम तपासा.

शेवटच्या चार ओळी चिन्हासाठी आहेत. आयगेनव्हेक्टरचं चिन्ह गणितात ठरलेलं नसतं, व्हेक्टर आणि त्याचा उणे दोन्ही तितकेच बरोबर. मी एकदा २५० दिवसांच्या रोलिंग विंडोवर हे चालवत होतो, तेव्हा स्लोपचा स्कोअर रातोरात अधिक १२ चा उणे १२ झाला, आणि बाजारात काय घडलं ते शोधण्यात अख्खी दुपार गेली. बाजारात काहीच घडलं नव्हतं, चिन्ह उलटलं होतं. म्हणून नियम लिहून ठेवा: पहिल्याची बेरीज अधिक, दुसऱ्यात लांबचं टोक जवळच्या टोकाच्या वर, म्हणजे अधिक स्कोअर आला की कर्व्ह स्टीप झाला. तिसऱ्यालाही असाच एक नियम लावा, उदाहरणार्थ मधला भाग कायम अधिक.

चूक तिसरी: कुठलीही मुदत घालायची आणि तिसऱ्याला कर्व्हेचर म्हणायचं

पीसीए प्रत्येक कॉलमला एक मत देतो. १ महिना, ३ महिने, ६ महिने, १ वर्ष असे चार कॉलम आणि लांबचे फक्त १० आणि ३० घेतले, तर निकाल जवळच्या टोकाकडे झुकणारच. आणि ट्रेझरी बिलांचं स्वतःचं वेगळंच जग असतं. २०२३ मध्ये डेट सीलिंगचा वाद चालू होता तेव्हा १ महिन्याचं बिल एप्रिलमध्ये साडेतीन टक्क्यांच्या खाली गेलं आणि मेच्या शेवटी साडेपाचच्या वर, आणि त्याचा १० वर्षांशी फारसा संबंध नव्हता. असा काळ नमुन्यात असला की दुसरा किंवा तिसरा पीसी "१ महिन्याचा पीसी" होऊन बसतो: त्या एका मुदतीवर लोडिंग जवळपास १, बाकी सगळीकडे शून्याच्या आसपास. ते कर्व्हेचर नाही हो.

तपासायची रीत साधी आहे. लोडिंग मुदतीच्या क्रमाने लिहा आणि चिन्ह किती वेळा बदलतं ते मोजा. लेव्हलला शून्य वेळा, स्लोपला एकदा, कर्व्हेचरला दोनदा. आणि त्याच्या जोडीला आकार सलग हवा, एकाच मुदतीचा सुळका नको. मग एक मुदत काढून टाका आणि परत चालवा, आकार तसाच राहिला तर ठीक, तिसरा पीसी पार बदलला तर त्याला नाव देऊ नका.

ही मोजणी पास झाली तरी फार मोठा निष्कर्ष काढू नका. जवळच्या मुदतींचं कोरिलेशन जास्त आणि लांबच्यांचं हळूहळू कमी, एवढं जरी असलं तरी शून्य, एक, दोन हा क्रम बहुतेक वेळा आपोआप येतो. कोरिलेशनच्या जागी ०.९ चा घात, जेवढं अंतर तेवढा, असा नुसता कागदावरचा मॅट्रिक्स घ्या आणि आयगेनव्हेक्टर काढा, तिन्ही आकार तिथेही दिसतील. म्हणजे "पहिला पीसी महागाई, दुसरा फेडचं धोरण" असं म्हणायचं असेल तर त्याला वेगळा पुरावा लागतो, आकार पुरेसा नाही.

आपल्याकडच्या डेटावर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सीसीआयएलचा झिरो कूपन कर्व्ह नेल्सन-सिगल-स्वेन्सन पद्धतीने बसवलेला असतो, म्हणजे मोजक्या पॅरामीटरांतून काढलेली गुळगुळीत रेषा. त्यावर वीस मुदती काढून पीसीए केला आणि "तीन घटकांत सगळं आलं" म्हटलं, तर त्यातला मोठा भाग त्या सूत्रातूनच आलाय, बाजारातून नाही.

चूक चौथी: पहिला पीसी म्हणजे पॅरलल शिफ्ट असं धरून हेज करणं

इथे पैसे जातात. समजा तुम्ही स्टीपनर लावलाय, २ वर्षं खरेदी आणि १० वर्षं विक्री, दोन्हीकडे पीव्ही०१ सारखा, १०,००० डॉलर. डोक्यात हिशेब असा की लेव्हल हलली तर मला फरक पडत नाही. पण तुमच्या नमुन्यात पहिल्या पीसीचं लोडिंग २ वर्षांना ०.५० आणि १० वर्षांना ०.६० आहे असं धरा. स्कोअर २० ने पडला की २ वर्षांचं यील्ड १० ने उतरतं आणि १० वर्षांचं १२ ने. २ वर्षांत १ लाख कमावले, १० वर्षांत १ लाख २० हजार घालवले. निव्वळ लेव्हलच्या हालचालीत २० हजार डॉलर गेले आणि संध्याकाळी रिपोर्टमध्ये ते "स्लोपचा तोटा" म्हणून दिसणार.

दुरुस्ती: २ वर्षांचा पीव्ही०१ १०,००० गुणिले ०.६० भागिले ०.५०, म्हणजे १२,००० ठेवा. आता १२,००० गुणिले १० म्हणजे १ लाख २० हजार, दोन्ही बाजू फिटल्या.

पण हा १२,००० कायमचा नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ऑगस्ट २०११ मध्ये फेडने किमान २०१३च्या मध्यापर्यंत दर तळाशी राहतील असं सांगितलं, त्यानंतर २ वर्षांचं यील्ड जवळपास खिळलेलं आणि सगळी हालचाल लांबच्या टोकाला. त्या काळातला पहिला पीसी चिन्हाने लेव्हलच, पण आकाराने चढत जाणारा. उलट २०२२-२३ मध्ये दर वाढत होते तेव्हा सगळ्यात जोरात जवळचं टोक हलत होतं. समजा तेव्हा लोडिंग २ वर्षांना ०.६५ आणि १० वर्षांना ०.५० झालं, तर तुम्हाला २ वर्षांत सुमारे ७,७०० पुरले असते आणि तुम्ही १२,००० घेऊन बसलात. दोन्ही काळ एकत्र करून काढलेली सरासरी दोन्हीकडे चुकते. शिवाय पीसी एकमेकांशी कोरिलेटेड नसतात ही खात्री फक्त पूर्ण नमुन्यापुरती आहे, त्यातला एखादा तिमाहीचा तुकडा काढा, तिथे लेव्हल आणि स्लोप हातात हात घालून चालताना दिसू शकतात. वर १३ मार्चला तेच झालं, लेव्हल पडली आणि त्याच वेळी कर्व्ह स्टीप झाला.

म्हणून रोज त्या रोलिंग विंडोमधून फक्त एक आकडा काढून चार्टवर ठेवा: पहिल्या पीसीत १० वर्षांचं लोडिंग भागिले २ वर्षांचं. तो १ च्या वरून खाली किंवा खालून वर गेला की हेज रेशो त्याच दिवशी परत काढा, महिनाअखेरीची वाट बघू नका.