निकोटिनचा पॅच आणि गम: वापरायचा कसा, थांबवायचा कधी

सिगारेट सोडताना निकोटिनचा गम घेतलेले बरेच जण दोन-तीन दिवसांत तक्रार करतात की घसा जळजळतो, उचक्या लागतात, मळमळते आणि तलफ मात्र तशीच राहते. दोष बहुधा चघळण्याच्या पद्धतीत असतो. गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू शोषले जाणारे निकोटिन ते लाळेबरोबर गिळून टाकतात, आणि पोटात गेलेल्या निकोटिनचा बराचसा भाग यकृतातच नष्ट होतो.

म्हणून गम सावकाश चावावा. जिभेला झिणझिण्या किंवा तिखटपणा जाणवला की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावा; साधारण मिनिटाभराने झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडा चावून दुसऱ्या बाजूला ठेवावा. असे अर्धा तास चालते. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना काहीही खाऊ-पिऊ नये, कारण कॉफी, फळांचा रस व शीतपेये यांच्या आम्लतेमुळे निकोटिन नीट शोषले जात नाही. टपरीवरच्या चहाबरोबर गम चघळणे म्हणूनच वाया जाते.

दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या, उठल्यावर अर्ध्या तासात पहिली पेटवणाऱ्या माणसाचे उदाहरण घेऊ. दहापेक्षा जास्त सिगारेटी असल्याने त्याचा पॅच २१ मिलिग्रॅमपासून सुरू होतो. सिगारेट सोडण्याच्या दिवशी सकाळी तो दंडाच्या किंवा छातीच्या कोरड्या, केस नसलेल्या जागी लावून तळहाताने दहा सेकंद दाबून धरावा. रोज त्याच वेळी बदलावा, जागाही बदलावी, आणि एकदा वापरलेली जागा आठवडाभर मोकळी ठेवावी. रात्री फार स्पष्ट, अस्वस्थ करणारी स्वप्ने पडू लागली, तर झोपताना पॅच काढावा. काढलेल्या पॅचमध्येही निकोटिन उरते, म्हणून तो चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाताला लागणार नाही असा टाकावा.

पॅच दिवसभर एकसारखे निकोटिन पुरवतो, पण जेवणानंतर अचानक उसळणारी तलफ त्याने शमत नाही. तेथे २ मिलिग्रॅमचा गम कामी येतो. दोन्ही एकत्र वापरणे एकट्या साधनापेक्षा अधिक परिणामकारक ठरते, मात्र डॉक्टरांशी बोलूनच ही जोडी ठरवावी. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी विचारणे अत्यावश्यक आहे.

आता कालावधी. वरील माणसाने सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४ आणि शेवटचे दोन आठवडे ७ मिलिग्रॅमचा पॅच वापरावा. केवळ गमवर असलेल्याने पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी आणि त्यानंतरचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी एक गम घ्यावा. तिसऱ्या आठवड्यात बरे वाटले म्हणून पॅच काढून टाकणे मला सर्वांत धोक्याचे वाटते, कारण तलफ गेलेली नसून पॅचने ती दाबून ठेवलेली असते. उलट, बारा आठवड्यांनंतरही गम सुटत नसेल, तर तो एकाएकी तोडण्यापेक्षा डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी काही काळ चालू ठेवून हळूहळू एकेक कमी करावा.