फोटोतील वेळापत्रकाच्या बारा तासी वेळा चोवीस तासी कशा कराव्यात

फोटोतील आकडे स्प्रेडशीटमध्ये उतरवताना तास एका रकान्यात आणि मिनिटे दुसऱ्या रकान्यात लिहावीत. छापील वेळापत्रकात तास आणि मिनिटे यांच्यामध्ये पुष्कळदा टिंब असते; ‘७.१०’ असे एकाच चौकटीत टंकले की स्प्रेडशीट त्याला दशांश अपूर्णांक समजून शेवटचे शून्य गिळते, आणि उरलेला ‘७.१’ म्हणजे सात वाजून दहा मिनिटे की सात वाजून एक मिनिट, हे मूळ फोटो पुन्हा उघडल्याशिवाय कळत नाही.

‘पीएम असेल तर बारा मिळवा’ हा सल्ला जिथे तिथे दिला जातो आणि तो अर्धवट आहे. त्याने दुपारचे १२:२० हे २४:२० होतात आणि मध्यरात्रीनंतरचे १२:२० एएम तसेच राहून दुपारचे बनतात. म्हणून आधी बाराच्या जागी शून्य धरावे आणि मगच, वेळ दिवसाच्या उत्तरार्धातील असल्यास, बारा मिळवावेत. ‘रात्री’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नये, कारण रात्री ८ म्हणजे २०:०० असले तरी रात्री २ म्हणजे ०२:००, आणि तेही पुढच्या तारखेचे.

खरी अडचण येते ती वेळांपुढे काहीच लिहिलेले नसते तेव्हा. अशा वेळापत्रकांत मी पूर्वी प्रत्येक वेळ ‘ही सकाळची वाटते, ही संध्याकाळची’ असे अंदाजाने ठरवत असे, आणि लांब पल्ल्याच्या एका बसचे अर्धे थांबे मी असेच चुकीच्या तारखेला नेऊन ठेवले होते. सुटी वेळ स्वतःविषयी काही सांगत नाही. सांगतो तो तिचा क्रम. एकाच बसच्या थांब्यांची वेळ पुढेच सरकते, त्यामुळे आकडा आधीच्यापेक्षा लहान झाला की घड्याळाने बाराचा काटा ओलांडला, असे समजावे.

एका बसच्या वेळा अशा आहेत: ९:४०, ११:१५, १२:०५, १:३०, ४:१०, ८:५५, ११:५०, १२:२०, १:०५. पहिली वेळ सकाळची आहे एवढेच आपल्याला ठाऊक आहे. बाराला शून्य मानल्यावर ११:१५ नंतर ०:०५ येते, म्हणजे आकडा घसरला आणि दुपार लागली. तिथून ११:५० पर्यंतच्या वेळा १२:०५, १३:३०, १६:१०, २०:५५, २३:५० अशा होतात. पुढे पुन्हा ०:२० येते, म्हणजे दुसरी घसरण. म्हणून शेवटच्या दोन वेळा दुसऱ्या दिवशीच्या ००:२० आणि ०१:०५ आहेत. तास A रकान्यात, मिनिटे B मध्ये आणि घसरणींची मोजणी C मध्ये ठेवली, तर तिसऱ्या ओळीपासून C मध्ये पहिले सूत्र आणि दुसऱ्या ओळीपासून D मध्ये दुसरे सूत्र भरून खाली ओढावे:

```
C3: =C2+(MOD(A3,12)*60+B3<MOD(A2,12)*60+B2)
D2: =TIME(MOD(A2,12)+12*C2,B2,0)
```

C2 मात्र स्वतः भरावा: सुरुवात मध्यान्हापूर्वीची असेल तर ०, नंतरची असेल तर १. C मध्ये २ दिसला की तारीख बदलली. D रकान्याला `hh:mm` हे स्वरूप द्यावे.

वेळा एका बसच्या ओळीने वाचाव्यात; शेजारच्या बसच्या रकान्यात उडी मारली की खोट्या घसरणी मोजल्या जातात. सलग दोन थांब्यांत बारा तास किंवा अधिक अंतर असेल, तर घसरण दिसेलच असे नाही आणि ही रीत तिथे निरुपयोगी ठरते.

मात्र सर्वांत जास्त घात करतो तो अंधूक फोटोत १ सारखा दिसणारा ७. समजा संध्याकाळी ६:२०, ७:१० आणि ८:०५ या वेळांतील मधली वेळ १:१० अशी उतरवली गेली. सूत्राला तिथे घसरण दिसते, १८:२० नंतर थेट दुसऱ्या दिवशीचे ०१:१० येतात, आणि ८:०५ सकाळचे होऊन त्याखालचा प्रत्येक थांबा बारा तासांनी पुढे ढकलला जातो. पडद्यावर तरीही सगळे नीटनेटके दिसते, कारण प्रत्येक वेळ आपल्या जागी वैध असते. म्हणून शेजारी दोन थांब्यांमधील अंतराचा रकाना नेहमी ठेवावा. इथे ५० आणि ५५ मिनिटांऐवजी ६ तास ५० मिनिटे आणि ६ तास ५५ मिनिटे दिसतील. लागोपाठची दोन अंतरे नेमकी सहा-सहा तासांनी फुगली की त्यांच्यामधला आकडा फोटो मोठा करून पुन्हा पाहावा. तेवढी एक चौकट सुधारली की खालच्या ओळी सूत्रामुळे आपोआप जागेवर येतात, आणि म्हणूनच D मधील उत्तरे हाताने बदलू नयेत.