त्वचाप्रसाधनांच्या मंजुरीसाठी कागदपत्रे जुळवताना या चुका टाळा

निपाणी किंवा चिकोडीचा दुकानदार फेसक्रीम विकण्यासाठी ऑनलाइन बाजारपेठेकडे मंजुरी मागतो, तेव्हा त्याचा अर्ज बहुतेक वेळा खरेदीच्या बिलावर अडतो. खाते ज्याच्या नावावर आहे त्यानेच हा माल खऱ्या पुरवठादाराकडून घेतला आहे का, हे तपासणाऱ्याला त्या बिलावरूनच ठरवायचे असते.

आपल्या भागात बराच माल कोल्हापूरच्या वितरकाकडून येतो. दुकानाचा जीएसटी क्रमांक कर्नाटकातला, म्हणजे 29 ने सुरू होणारा असतो आणि वितरकाचा महाराष्ट्रातला, 27 ने सुरू होणारा. काउंटरवर रोख पैसे देऊन माल उचलला, तर बिलावर दुकानाचे रूढ नाव आणि ‘निपाणी’ एवढाच पत्ता पडतो, खरेदीदाराचा क्रमांक नसतोच. असे बिल, कच्ची पावती किंवा डिलिव्हरी चलन जोडल्यास अर्ज परत येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून ऑर्डर देतानाच वितरकाला जीएसटी प्रमाणपत्राची प्रत द्यावी आणि दुकानाच्या पत्त्यावर माल पाठवून, आयजीएसटी दाखवणारे पक्के बिल घ्यावे.

दुसरी अडचण पत्त्याची आहे. आपल्या जिल्ह्याच्या बेळगाव शहराचे अधिकृत नाव 2014 मध्ये बेळगावी झाले, पण वितरकांच्या संगणकात जुनेच स्पेलिंग राहिलेले असते. विक्रेत्याच्या खात्यात, जीएसटी प्रमाणपत्रावर आणि बिलावर तीन तऱ्हांनी लिहिलेला पत्ता तपासणाऱ्याला तीन वेगळे पत्ते वाटू शकतात. प्रमाणपत्र प्रमाण मानून खाते त्याप्रमाणे दुरुस्त करावे. प्रमाणपत्रातच जुना पत्ता असेल, तर आधी `GST REG-14` अर्जाने तो बदलून घ्यावा आणि त्यानंतरच नवे बिल मागावे. बिलाच्या पीडीएफमध्ये स्वतः एक अक्षरही बदलू नये, कारण फेरफार उघड झाल्यास अर्जाबरोबर खातेही बंद होऊ शकते.

बिल जुळले की वेष्टनाकडे वळावे. पुढची एकच बाजू दाखवणारे, कंपनीच्या जाहिरातीतले छायाचित्र पुरत नाही. आपल्या हातातल्या डब्याच्या सर्व बाजू, त्यांवरील उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, वापराची मुदत, घटकद्रव्ये आणि उत्पादन परवाना क्रमांक वाचता येतील असे फोटो काढावेत. भारतात तयार झालेल्या प्रसाधनाचा परवाना सौंदर्यप्रसाधन नियम 2020 नुसार बहुधा `COS-8` नमुन्यात असतो. त्याची प्रत मागितली गेल्यास त्यावरील क्रमांक आणि कारखान्याचा पत्ता डब्यावरच्या मजकुराशी ताडून पाहावा. ब्रँडचे मालक आणि उत्पादक वेगळे असतील, तर दोघांतला संबंध दाखवणारे पत्र ब्रँडकडून घ्यावे. हे पत्र यायला वेळ लागतो, तेव्हा ते आधीच मागून ठेवावे.

मोबाइल चार्जरसारख्या विद्युत वस्तूंसाठी बिलाचे नियम असेच लागू पडतात. परवान्याऐवजी तिथे बीआयएसचा `R-` ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा लागतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकल्यावर दिसणारा उत्पादक आणि ब्रँड चार्जरवरील नावांहून वेगळे निघाले, तर तो माल विक्रीसाठी घेऊ नये.