आधी नंबर, मग तार

कुपवाड एमआयडीसीत हळद पॉलिश करणाऱ्या ड्रमचं पॅनल उघडलं. आत सगळ्या तारा एकाच रंगाच्या, आणि नंबर मास्किंग टेपवर बॉलपेननं लिहिलेले. हळदीच्या धुळीत आणि ग्रीसच्या हातांनी ते केव्हाच पुसले गेले होते. बिघाड होता एका बटणाचा, पण शोधण्यात अख्खी दुपार गेली. नंतर ते पॅनल पुन्हा वायर केलं, ते असं.

आधी कागदावर नंबर ठरवले. नियम एकच: तार कुठंही गेली तरी नंबर तोच, आणि वाटेत बटण किंवा कॉन्टॅक्ट आला की पुढं नवा नंबर. 24 व्होल्टची कॉमन 100. फ्यूजनंतर 101, इमर्जन्सी स्टॉपनंतर 102, स्टॉपनंतर 103, स्टार्टनंतर 104, आणि 104 थेट कॉन्टॅक्टरच्या A1 वर. A2 वर 100. स्टार्टला समांतर होल्डिंग कॉन्टॅक्ट, म्हणून त्याच्या एका टोकाला 103, दुसऱ्याला 104. दारावरच्या आणि मशीनवरच्या बटणांच्या सगळ्या तारा टर्मिनल पट्टीवरून नेल्या आणि पट्टीवरही हेच नंबर लावले.

रंग थोडक्यात. फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा-पिवळा. डीसी कंट्रोलला निळा वापरायची पद्धत आहे, पण आपल्याकडे निळी फेजही असते, म्हणून मी करडा घेतला आणि दाराच्या आतून तसं लिहून ठेवलं. शेजारच्या एलेव्हेटरच्या पॅनलमधून आलेली इंटरलॉकची जोडी मात्र नारिंगी. मेन स्विच बंद केला तरी तिच्यात करंट असतो.

आता टोक. आपल्याकडे फेरूल म्हणजे नंबरची प्लास्टिकची नळी. धातूची ती पिन लग. फेरूल आधी तारेवर सरकवा, लग नंतर. उलटं केलं तर लग कापून परत करावा लागतो, मीही केलंय. 1.5 चौरस मिमीच्या तारेला 8 मिमीचा लग असेल तर साधारण 10 मिमी सोला. एकही केस बाहेर राहू देऊ नका. रॅचेटच्या क्रिम्परनं दाबा, पकडीनं दाबलेला लग ड्रमच्या थरथराटात सुटतो. स्क्रू आवळल्यावर तार ओढून बघा. एका भोकात दोन तारा घालायच्याच असतील तर दोन तारांचा लग घ्या.

पुढं एकदा स्टार्ट दाबूनही कॉन्टॅक्टर ओढेना. मीटरची काळी पिन 100 वर ठेवली. 101 वर 24 व्होल्ट, 102 वर 24, 103 वर शून्य. म्हणजे स्टॉपचं बटण, किंवा तिथवरची तार. शेजारी 415 व्होल्ट चालू होते, त्यामुळं मोजताना हात पट्टीबाहेर नेला नाही. मग मेन बंद करून बटण उघडलं, तर कॉन्टॅक्टमध्ये हळद बसली होती.